पाव किलो शेव, सत्तर रुपये

१३ सप्टेंबर २०२४ला केंद्र सरकारनं कच्चं पामतेल, सोयाबीन तेल आणि सूर्यफूल तेल यांच्यावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. अधिभार धरून एकूण बोजा साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याला तेवढे मिळत नव्हते. आयात होणारं तेल महाग झालं तर देशातल्या बियांना भाव येईल, असा हिशेब होता. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या सोयाबीनवाल्यांना त्याची गरज होतीच. पण भारत आपल्या गरजेचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे हा निर्णय तळणाच्या प्रत्येक कढईपर्यंत काही दिवसांत पोचला.

पुण्यातल्या एका पेठेतलं फरसाणाचं दुकान अशाच एका कढईवर चालतं. मागच्या खोलीत भट्टी, पुढे काउंटर आणि मधल्या दारात एका स्टुलावर वही घेऊन बसलेल्या मालकीणबाई. सगळं गिऱ्हाईक त्यांना काकू म्हणतं. काउंटर त्यांचा भाचा सांभाळतो. गणपती अजून बसलेले होते तेव्हाच घाऊक दुकानदारानं फोन करून सांगितलं की पंधरा किलोचा डबा आता १,७००ला मिळायचा नाही. विसर्जनानंतरचा पहिला डबा २,०६० रुपयांना आला.

भाव वाढवायचा, हे त्या दिवशीच ठरलं. तो नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगायचा कसा, हे ठरायला मात्र आठवडा गेला. तो आठवडा जवळून पाहण्यासारखा होता. एरवी दुकानदार हा निरोप पाच मिनिटांत उरकतात आणि नंतर महिनाभर काउंटरवर त्याची उत्तरं देत बसतात.

काकूंनी निरोपाला हात लावण्याआधी हिशेब मांडला. शेवेच्या कुठल्याही पाकिटावरची पोषणमाहिती वाचली तर दिसतं की शंभर ग्रॅम शेवेत पस्तीस ते चाळीस ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. म्हणजे शेव विकणारा माणूस एक तृतीयांशाहून जास्त तेलच विकत असतो. कढईत काळं पडून टाकून द्यावं लागणारं तेल धरलं, तर एक किलो शेवेमागे काकूंच्या भट्टीत साधारण ४०० ग्रॅम तेल जातं. डबा ३६० रुपयांनी चढला म्हणजे किलोमागे २४ रुपये आणि ४०० ग्रॅमला ९ रुपये ६० पैसे. बेसन उन्हाळ्यापासून किलोला ८ रुपयांनी चढलं होतं. किलो शेवेला ते साडेसहाशे ग्रॅम लागतं, त्याचे ५ रुपये २० पैसे. ही बेरीज १४ रुपये ८० पैसे झाली. गॅस, तळणाऱ्याची वाढलेली मजुरी आणि चुरा यांचे मिळून तीनेक रुपये धरले, की अठरा.

शेव २६० रुपये किलो होती. हिशेबानं ती २७८ व्हायला हवी. पण किलोभर शेव घेतं कोण? दुकानात दहातली आठ गिऱ्हाइकं पाव किलो मागतात. त्यामुळे फरसाणवाल्याचा खरा भाव पावाचा असतो आणि किलोचा आकडा चारानं भागला जाऊन त्यातून देता-घेता येईल अशी रक्कम निघावी लागते. २७८चे पाव किलोला साडेएकोणसत्तर होतात. काकूंनी सत्तर धरले, म्हणजे किलो २८०. वरचे दोन रुपये आपल्या बाजूला पडतात हे त्यांनी वहीत लिहून ठेवलं, कारण पुढे कुणी विचारलं तर उत्तर तयार हवं होतं.

पाकीटबंद माल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना दुसरी एक वाट असते. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाच रुपयांचाच राहतो, आतलं वजन कमी होतं. सुटा माल विकणाऱ्याला ती वाट नाही. त्याच्या काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे असतं आणि पाव म्हणजे अडीचशे ग्रॅमच. तेल हलकं वापरायचं, ही तिसरी वाट काही जण धरतात. पण रोज खाणाऱ्याच्या जिभेला ते आठ दिवसांत कळतं. तेव्हा आकडा बदलायचा आणि तो सांगायचा, एवढंच उरलं.

पहिला मजकूर भाच्यानं लिहिला. तो असा होता:

«सप्रेम नमस्कार. आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यास अत्यंत खेद होतो की, सतत वाढणारी महागाई, तेल, बेसन, गॅस, वीज, कामगारांचे पगार व इतर खर्च यांमुळे नाइलाजाने आम्हाला दरात किंचित वाढ करावी लागत आहे. गुणवत्तेशी आम्ही कधीही तडजोड केलेली नाही व करणार नाही. तरी आपण नेहमीप्रमाणे सहकार्य करावे ही नम्र विनंती. गैरसमज नसावा. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.»

असे निरोप सगळ्यांनी वाचलेले आहेत आणि लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. काकूंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, «अरे, पण शेव कितीला?»

सगळ्या मजकुरात एकही आकडा नव्हता. तारीखही नव्हती. गिऱ्हाइकाला हव्या असलेल्या दोनच गोष्टी त्यात नव्हत्या, आणि त्याला नको असलेल्या बऱ्याच होत्या. «किंचित» किती, हे पैसे देणारा ठरवतो. ज्याचं निवृत्तिवेतन ठरलेलं आहे त्याला पाच रुपये किंचित वाटत नाहीत आणि तो शब्द वाचून तो उलट दुखावतो. गुणवत्तेचा विषय कुणी काढलाच नव्हता. न विचारता दिलेली ग्वाही वाचून आजवर शंका न आलेला माणूसही पुढची शेव जरा निरखून खातो.

सगळ्यांत जास्त नुकसान «खेद» आणि «दिलगीर» हे दोन शब्द करतात. माफी मागणारा माणूस आपण काही चूक केली असं सांगत असतो आणि चूक केली असेल तर ती दुरुस्तही करता यायला हवी. म्हणून माफीचा निरोप आला की काउंटरवर घासाघीस सुरू होते. पेठेतल्याच दुसऱ्या एका दुकानानं आदल्या वर्षी असाच निरोप पाठवला होता, तेव्हा तिथली जुनी गिऱ्हाइकं महिनाभर «आम्हाला तरी जुन्या भावानं द्या» म्हणत होती. मालकानं काहींना दिलंही. ते बाकीच्यांना कळलं आणि एकाच शेवेचे दोन भाव झाले.

कारणांच्या यादीचंही तसंच. सहा कारणं दिली की वाचणारा सर्वांत कच्चं कारण उचलतो. विजेचा दर तर वाढलेला नाही, मग? जागा तुमची स्वतःची आहे ना? एका कारणावर बोट ठेवता आलं की बाकीची पाच खरी असूनही ढिली पडतात. काकूंच्या हिशेबात अठरांतले जवळजवळ पंधरा रुपये तेलाचे आणि बेसनाचे होते. निरोपात तेवढीच दोन ठेवायची असं ठरलं. ती दोन्ही गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात आहेत. घरचं तेलाचं पाकीट महागल्याचं त्याला आधीच माहीत होतं.

लोक भाववाढ कधी रास्त मानतात, यावर एक जुना अभ्यास आहे. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी कॅनडातल्या टोरांटो आणि व्हँकूव्हर भागातल्या लोकांना फोनवर काही प्रसंग सांगून मत विचारलं आणि निष्कर्ष १९८६ साली छापले. वाण्याला लेट्यूसची भाजी घाऊकमध्ये जेवढ्या पैशांनी महाग पडली, नेमकी तेवढीच वाढ त्यानं केली, तर ७९ टक्के लोकांनी ते मान्य केलं. दुसऱ्या प्रसंगात वाण्याकडे शेंगदाण्याच्या लोण्याचा काही महिन्यांचा साठा पडून आहे. घाऊक भाव वाढल्याचं ऐकून तो त्या जुन्या साठ्याचाच भाव लगेच वाढवतो. हे मात्र ७९ टक्के लोकांना अन्याय्य वाटलं. खर्च वाढला म्हणून भाव वाढवणं लोकांना समजतं; स्वस्तात घेतलेला माल महागात काढणं त्यांना खपत नाही.

काकूंनी हा अभ्यास वाचलेला नव्हता, पण त्यांच्याकडे जुन्या भावाचे चार डबे शिल्लक होते. नवा भाव लगेच लावला असता तर त्या तेलातली शेव सत्तरनं गेली असती. रोज भट्टीसमोरून जाणाऱ्या माणसाला डबे दिसतात. म्हणून नवा भाव मंगळवार, १ ऑक्टोबरपासून आणि निरोप त्याआधी सहा दिवस, बुधवारी. तोवर जुने डबे संपणार होते. तारखेला आणखी एक कारण होतं. ३ ऑक्टोबरला घटस्थापना होती आणि दसऱ्याच्या सुमारास दिवाळीच्या फराळाची नोंदणी जोरात सुरू होते. नोंदणी अर्धी झाल्यावर भाव बदलणं म्हणजे प्रत्येक पावतीवर वाद. नोंदणीआधी बदलला की सगळ्यांना एकच भाव लागतो.

काही उत्साही गिऱ्हाइकांनी मात्र गणपतीतच आगाऊ पैसे देऊन फराळ सांगून ठेवला होता. भाच्याचं म्हणणं, फरक मागून घेऊ. काकू नको म्हणाल्या. दोन किलो तळणामागे चाळीस रुपये जातील, पण पैसे घेतले तेव्हाच भाव ठरला. हे वाक्य निरोपात घालायचं असंही त्यांनीच सुचवलं, आणि ते फार उपयोगी पडलं. ज्यांनी आगाऊ दिले नव्हते त्यांनाही त्यातून दिसलं की या दुकानात ठरलेलं बदलत नाही.

काउंटरच्या एका फळीवर छापील किमतीची पाकिटं होती, दोनशे ग्रॅमची. त्यांचा निर्णय कायद्यानं आधीच केलेला आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि त्या किमतीवर वाढीव किमतीची चिठ्ठी चिकटवता येत नाही. जुनी पाकिटं संपेपर्यंत जुन्या किमतीला, नवीन भरताना नवी छापायची. हे निरोपात लिहायची गरज नव्हती, पण काउंटरवरच्या पोराला माहीत हवं होतं. दुकानदार अडकतात ते इथेच.

मग प्रश्न आला कशाचा भाव वाढवायचा याचा. भाचा म्हणाला, एवीतेवी सांगतोच आहोत तर सगळ्यालाच पाच-पाच रुपये लावू. मोह मोठा होता. पण भडंगाला तेल थोडं लागतं आणि फुटाणे वाळूत भाजतात. निरोपात तेलाचं कारण द्यायचं आणि फुटाण्यांचा भाव वाढवायचा, तर कारण खोटं पडतं. एखादी आजी ते तिथल्या तिथे बोलून दाखवते. शेवटी शेव, पापडी आणि चकली, एवढंच वाढवायचं ठरलं. न वाढलेल्या वस्तूंची नावंही निरोपात घातली, कारण आकड्याइतकंच तेही लोकांना कळायला हवं असतं.

शेवटी गेलेला निरोप असा:

«१ ऑक्टोबरपासून शेव पाव किलो ७० रुपये (आता ६५).
पापडी ७० (आता ६५). चकली १०५ (आता १००).
भडंग, फुटाणे, खारे दाणे : भाव तेच.
तेलाचा डबा या महिन्यात ३६० रुपयांनी महागला, बेसनही चढलं आहे.
आगाऊ पैसे देऊन सांगितलेल्या फराळाला ठरलेला भावच लागेल.
दिवाळीच्या फराळाची नोंदणी घटस्थापनेपासून, दुकानात किंवा याच नंबरवर.»

खाली दुकानाचं नाव. «नमस्कार»सुद्धा काढला होता आणि त्यावर घरात बरीच चर्चा झाली. मोबाइलवर सूचना येते तेव्हा निरोपाची पहिली ओळच दिसते. ती «सप्रेम नमस्कार, आपणांस कळविण्यात येते» यातच संपली तर माणूस निरोप उघडतच नाही. भावाची ओळ वर आली की न उघडताही काम होतं. उद्धटपणा वाटेल का, अशी भाच्याला धास्ती होती. पण आदर इथे वेगळ्या ठिकाणी होता. सहा दिवस आधी सांगण्यात होता, जुना भाव नव्याशेजारी लिहिण्यात होता. जुना आकडा लपवला की माणूस तो आठवू लागतो आणि बहुधा खऱ्यापेक्षा कमीच आठवतो.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीची एक मर्यादा दुकानदारांना उशिरा कळते. ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला असतो त्यांनाच तो निरोप पोचतो आणि एका यादीत २५६ जण मावतात. काकूंच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी कित्येकांकडे तो नंबर नाही, काहींकडे साधा फोन आहे. त्यांच्यासाठी पाटी. तिच्यावर मजकूर तोच, शब्द न बदलता, कारण दोन ठिकाणी दोन भाषा झाल्या की लोक त्यांतला फरक शोधतात. पाटी लावली ती काउंटरच्या पुढच्या काचेवर, रांगेत उभ्या माणसाच्या नजरेसमोर. मागच्या भिंतीवर असती तर माल बांधून झाल्यावर दिसली असती, आणि बांधलेल्या पुडीवर कळलेला नवा भाव फसवल्यासारखा वाटतो.

तीन गिऱ्हाइकांना निरोप पाठवलाच नाही. ते मिसळीचे हॉटेलवाले, रोज आठ-दहा किलो शेव-फरसाण उचलणारे. दहा किलोला दिवसाचे दोनशे रुपये, महिन्याचे सहा हजार. त्यांना आपल्या ताटलीचा भाव बदलायचा की नाही हे ठरवावं लागतं. त्यांना काकूंनी सोमवारीच, बाकीच्यांच्या दोन दिवस आधी, स्वतः फोन केला. एकानं घासाघीस केली. काकूंनी भाव सोडला नाही, पण पैसे आठवड्याऐवजी पंधरवड्यानं दिले तरी चालतील म्हणाल्या. ठोक गिऱ्हाइकाशी तेवढी जागा असते. ती फोनवरच ठेवावी, पाटीवर येऊ देऊ नये.

निरोप बरा झाला की नाही, हे उलट आलेल्या प्रश्नांवरून कळतं. «किती?» आणि «कधीपासून?» असे प्रश्न आले तर मजकूर फसला. बुधवारी संध्याकाळपर्यंत आलेल्या उत्तरांत असले प्रश्न नव्हते. बऱ्याच जणांनी नुसता अंगठा पाठवला, काहींनी तिथेच फराळ सांगायला सुरुवात केली. एका गृहस्थांनी विचारलं, चकलीला बेसन कुठे लागतं? प्रश्न बरोबर होता. चकली भाजणीची, तिची वाढ तेलाची, असं उत्तर भाच्यानं पाठवलं.

खरी कसोटी १ तारखेला काउंटरवर होती. भाच्याला पहिल्याच तासात घाम फुटला. एक निवृत्त मास्तर आले, सत्तर ऐकून म्हणाले, «परत वाढवलास?» आणि भाचा बोलू लागला: तेल, शुल्क, गॅस, मजुरी, बाजारात इतर ठिकाणी तर ऐंशी आहे. मास्तरांनी त्यांतला प्रत्येक मुद्दा खोडायला घेतला, मागे रांग वाढली. काकू स्टुलावरून उठल्या नाहीत. «सर, पाच रुपये वाढलेत, तेलाचे. पाव देऊ?» एवढंच म्हणाल्या. मास्तर म्हणाले, «दे.»

दुपारी त्यांनी भाच्याला समजावलं. «परत वाढवलास» हा बहुतेक वेळा प्रश्न नसतो. माणसाला टोचलेलं असतं आणि त्याला ते बोलून दाखवायचं असतं. त्याचं ऐकायचं, आकडा सांगायचा, काटा लावायचा. कारण विचारलं तर एक वाक्य. शेजारच्या दुकानाचा भाव आपल्या तोंडून कधी काढायचा नाही; तो काढला की गिऱ्हाईक उद्या तिथे जाऊन खात्री करणार. आणि कुणी पंचाहत्तरऐवजी सत्तरच आहे का म्हणून आश्चर्य दाखवलं तरी तिथेही गप्पच बसायचं.

ऑक्टोबरात पाव किलो शेवेची काही गिऱ्हाइकं कमी झाली. नेमकी किती, हे सांगता यायचं नाही, कारण पाठोपाठ दिवाळी आली आणि सगळे आकडे फुगले. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रोजची भट्टी पूर्वीइतकीच लागत होती. हॉटेलवाले तिघेही टिकले.

निरोपातल्या तेलाच्या त्या ओळीचं ओझं पुढच्या उन्हाळ्यात जाणवलं. ३० मे २०२५ला सरकारनं कच्च्या तेलांवरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्के केलं, एकूण बोजा साडेसोळा टक्क्यांवर आला. बातमी पेपरात आली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मास्तरांनी विचारलंच, «तेल उतरलं म्हणे. शेव?» कारण दिलं की ते दोन्ही बाजूंनी लागू होतं, हे लिहितानाच लक्षात घ्यावं लागतं. म्हणूनच पुष्कळ दुकानदार «वाढती महागाई» असं मोघम लिहितात. तिच्याबद्दल परत कुणी विचारत नाही. काकूंनी आकडा लिहिला होता, तेव्हा उत्तरही आकड्यानं द्यावं लागलं. त्यांच्याकडे आलेला डबा ८० रुपयांनी उतरला होता. किलो तेलाला सव्वापाचच्या थोडे वर रुपये, किलो शेवेला दोन रुपये, पाव किलोला आठ आणे. त्यांनी वही उघडून मास्तरांसमोर ठेवली.

मास्तरांनी बेरीज तपासली आणि विचारलं, मग पासष्ट कधी होणार? डबा पुन्हा सतराशेच्या आसपास आला आणि बेसन चढलं नाही, तर, असं काकू म्हणाल्या. त्यांनी ते वहीच्या त्याच पानावर तारखेसह लिहून घेतलं, आणि भाच्यानं अडीचशे ग्रॅमचा काटा लावला.